कापसाचा चेक वापस आला, आता काय?

प्रश्न: भाऊ, गावात आलेल्या व्यापाऱ्याले १४ क्विंटल कापूस देल्ला. ९९,४०० चा चेक भेटला, २० जानेवारीचा. बँकेत टाकला त २४ ला वापस आला. व्यापारी म्हणते, आठ दिसानं पुन्हा टाक. काय करू? पोलिसात जाऊ काय?

उत्तर: ठाण्यात जाऊन दिवस घालवू नका. चेक न वटल्याच्या कायद्यात तक्रार थेट कोर्टात करायची असते. आधी बँकेतून दोन कागद हातात घ्या, मूळ चेक आणि त्याच्यासोबतचा रिटर्न मेमो. बरेच जण "वापस आला" एवढं तोंडी ऐकून घरी येतात आणि मेमो घ्यायचाच राहतो. पुढचं सगळं त्या चिठोऱ्यावरच्या कारणावर ठरतं.

चेकवरची तारीख तीन महिन्यांहून जुनी झाली, अक्षरी आणि आकडी रक्कम जुळत नाही किंवा खाडाखोड आहे, असं कारण असेल तर भांडायचं काही नाही, नवा चेक मागायचा. पण "फंड्स इन्सफिशिअंट" म्हणजे खात्यात तेवढा पैसा नाही, "अकाउंट क्लोज्ड" म्हणजे खातंच बंद, किंवा "पेमेंट स्टॉप्ड" म्हणजे व्यापाऱ्यानेच बँकेला पैसे देऊ नका असं कळवलं, यांपैकी काही दिसलं तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ डोक्यात ठेवा, चेक न वटणं त्यानेच गुन्हा ठरतं.

मग व्यापाऱ्याच्या "आठ दिसानं टाक"चं काय? टाकायला हरकत नाही, चेक तारखेपासून तीन महिने चालतो, तेवढ्यात पुन्हा टाकता येतो. पण त्याच्या तोंडाकडे पाहत बसू नका. चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. तुम्हाला २४ जानेवारीला कळलं, म्हणजे २३ फेब्रुवारीच्या आत. हे आठ दिवस, मग पुढचा सोमवार, मग पोरीचं लग्न, असं करत महिना निघून जातो आणि हीच त्याची खेळी असते. महिना हुकलाच, तर चेकची मुदत असेतोवर पुन्हा टाका. नवा मेमो मिळाला की नवे ३० दिवस.

नोटिशीत चेकचा नंबर, तारीख, बँक, परत येण्याचं कारण आणि चेकची पूर्ण रक्कम १५ दिवसांत द्या एवढी मागणी हवी. वकिलाकडून पाठवलेली बरी. त्याच्या बरोबर पत्त्यावर, पोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि पावती जपा. समजा त्याला ती १२ फेब्रुवारीला मिळाली. २७ फेब्रुवारीपर्यंत त्याची मुदत. तोवर पैसे आले तर खटला उभाच राहत नाही. नाही आले, तर २८ पासून महिन्याच्या आत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. व्यापारी हिंगणघाटचा असो की कुठचा, चेक तुम्ही तुमच्या खात्यात टाकलात तर तुमची शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत, तिथेच खटला चालतो. २०१५ च्या दुरुस्तीने ही सोय झाली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देणं होतं म्हणूनच चेक दिला, असं कोर्ट आधी धरून चालतं, तसं नव्हतं हे त्याने दाखवायचं. तरी काटापावती फेकू नका, कापसाच्या गंजीसोबत ती पण जाते बहुतेकांची!

एक गोष्ट मात्र सांभाळा. चेक टाकण्याआधीच त्याने ३०,००० रोख दिले असतील आणि तुम्ही तोच ९९,४०० चा चेक टाकला, तर देणं तेवढं उरलेलंच नाही म्हणून तक्रार लटकू शकते. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तसं सांगितलं आहे. म्हणून असे काही पैसे घेतले, तर जुना चेक परत करून उरलेल्या ६९,४०० चा नवा घ्या.

आता दुसरी बाजूही सांगतो, मी तिथे उभा राहिलो आहे. बियाण्याच्या उधारीपोटी कृषी केंद्राला चेक दिला आणि तो सहीच्या कारणाने परतला. खातं उघडलं तेव्हा मी पूर्ण नाव लिहून सही करायचो, नंतर नुसतं एक वेटोळं. खात्यात पैसे होते, तरी परत! दुकानदाराला त्याच दिवशी फोन केला, दुसऱ्या दिवशी रक्कम खात्यात टाकली, जुना चेक हातात घेऊन फाडला आणि बँकेत नव्या सहीचा नमुना दिला. सहीचं कारण लहान वाटतं, पण नोटीस येऊनही पैसे न देणाऱ्यावर त्याच्यावरूनही १३८ लागतं.

चेक देणाऱ्याने नोटीस घ्यायला नकार देणं तर सगळ्यात वाईट. पत्ता बरोबर असेल तर "घेतली नाही" म्हणूनही ती मिळाली असंच धरलं जातं, आणि त्याचे १५ दिवस फुकट जातात.