ओव्हरफ्लोचा पाईप अर्धा इंची घेऊ नका

प्रश्न: गच्चीवर १००० लिटरची टाकी बसवतोय, पाणी बोअरच्या पंपाने चढणार. बॉलकॉक लावला तर ओव्हरफ्लो अर्धा इंची चालेल का? इनलेट, आउटलेट कुठे घ्यावं?

नाही चालणार. प्लंबर कितीही म्हणाला तरी ऐकू नका.

आमचं घर बार्शीत. २०१९ मध्ये वरचा मजला झाला तेव्हा टाकीचं सगळं काम माझ्या धाकट्या दिरांनी अंगावर घेतलं होतं. अर्धा इंची पाईप शिल्लक होता, तोच ओव्हरफ्लोला लावायचा ठरला. मी म्हटलं, जरा मोठा घ्या. तर म्हणाले, "वहिनी, बॉलकॉक असताना ओव्हरफ्लोला पाणी येणारच कुठून?" प्लंबरनेही मान डोलावली आणि माझं म्हणणं तिथेच राहिलं.

आमच्या बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, तसाच तो बॉलकॉकच्या खिळीवर आणि आतल्या वायसरवरही धरतो. आठ महिन्यांत बॉलची दांडी खालीच अडकली. त्या दिवशी पंप लावून सगळे लग्नाला गेले, घरी सासूबाई एकट्या. टाकी भरली, बॉल वर आलाच नाही आणि पाणी झाकणातून बाहेर पडायला लागलं. गच्चीच्या मोरीत पाला अडकला होता, त्यामुळे पाणी जिन्यात उतरलं. सासूबाईंच्या खोलीच्या छताला ओल धरली आणि पुढच्या महिन्यात प्लास्टरचे पोपडे निघाले.

नंतर मी पंधरा लिटरची बादली घेऊन वर गेले आणि मोजलं. इनलेटखाली ती अठरा सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला पन्नास लिटर. ओव्हरफ्लोखाली तीच बादली भरायला दोन मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. उरलेलं सगळं झाकणातून. कारण सरळ आहे. इनलेटच्या पाण्यामागे पंपाचा जोर असतो. ओव्हरफ्लोच्या पाण्याला ढकलायला तोंडावर चढलेलं चार बोटं पाणी, एवढंच. म्हणून ओव्हरफ्लो इनलेटपेक्षा मोठाच हवा. तुमचा इनलेट एक इंची असेल तर दोन इंची घ्या आणि वाटेत कुठेही कॉक बसवू देऊ नका.

त्याचं भोक इनलेटच्या तोंडापेक्षा चार बोटं खाली पाडा, म्हणजे टाकीतलं पाणी इनलेटला कधी टेकत नाही आणि पंप बंद झाल्यावर उलटं ओढलं जात नाही. बॉलकॉक नीट चालू असेल तर पाणी त्या भोकाच्याही दोन बोटं खाली थांबायला हवं, नाहीतर रोज थोडं थोडं वाहत राहतं. पाईपचं दुसरं टोक गच्चीच्या मोरीत नेऊ नका. अंगणातून दिसेल असं बाहेर काढा, पाणी पडलं की कळतं. टोकाला डासांसाठी जाळी बांधा, पण तिच्यावर शेवाळ धरतं, तेव्हा महिन्याला बघत जा.

आउटलेट इनलेटच्या समोरच्या बाजूला, तळापासून दोन-तीन इंच वर. गाळ खाली राहतो आणि पाणी एका कोपऱ्यात शिळं पडत नाही. गाळ काढायला अगदी तळाला वॉशआउट वेगळा ठेवा.

प्लंबरला पैसे देण्याआधी एक करा. टाकी काठोकाठ भरत आली की बॉल हाताने खाली दाबून धरा आणि दहा मिनिटं पंप चालू ठेवा. पाणी इनलेटच्या तोंडापर्यंत चढलं तर ओव्हरफ्लो लहान आहे. भाऊजी तेव्हा ही चाचणी करू देत नव्हते, पाणी वाया जातं म्हणून. वाया गेलं असतं फार तर पाचशे लिटर.

भाऊजींनी गेल्या वर्षी स्वतःच्या घरी टाकी बसवली, ओव्हरफ्लो दोन इंची लावला. मला सासूबाईंकडून कळलं.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं. पाणी पंपाने चढत असेल तर बॉलकॉकच्या भरवशावर राहूच नका. तो बंद झाला तरी पंप बंद नळीवर जोर लावत राहतो, तापतो, जोड सुटतात. पंप बंद करणारा फ्लोट स्विच बसवा. आम्ही बॉलकॉक काढूनच टाकला. नळाचं पाणी आपल्या जोराने थेट वर चढत असेल तर मात्र बॉलकॉकच हवा, आणि जड पाण्यात दर तीन महिन्यांनी त्याची खिळी काढून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवा. ओव्हरफ्लो दोन्हीकडे तेवढाच मोठा.