शेपूट न दाखवणारा देवमासा आणि डिलीट केलेले धूसर फोटो

> परवा बोटीवरून मोठा देवमासा दिसला. पाच-सहा वेळा वर आला, पण शेपूट एकदाही उचललं नाही. फवारा आणि पाठीवरचा पर एवढंच मिळालं. ४ बरे फोटो जोडतोय, बाकीचे धूसर होते ते कॅमेऱ्यातच डिलीट केले. एक जण फिन व्हेल म्हणतो, दुसरा सेई. कोणती जात नोंदवू?

आधी एक काम करा, पुढचं नंतर वाचा. ते कार्ड कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. डिलीट केल्यावर फोटो लगेच पुसला जात नाही, फक्त त्याची जागा मोकळी आहे असं कार्डावर नोंदलं जातं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल, तर फोटो परत मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरने बरेचसे निघतात. माझे निघाले नाहीत, कारण संध्याकाळी त्याच कार्डावर मी सूर्यास्ताचे दीडशे फोटो काढले होते.

मी शास्त्रज्ञ नाही. काही वर्षं बोटींवर देवमाशांच्या नोंदी घ्यायला स्वयंसेवक म्हणून गेले, एवढाच माझा अधिकार. पण तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. मी नेमकं हेच केलं होतं.

माझा दिवस शांत समुद्राचा होता. जनावर साधारण ३०० मीटरवर, फवारा मध्यम उंचीचा, पर उंच आणि कोयत्यासारखा मागे वळलेला. मी ४१ फ्रेम काढल्या आणि बोटीवरच बसून ६ ठेवल्या, ज्यांत पर काचेसारखा स्वच्छ होता. त्यातली एक तर फारच आवडली होती: हवेत फवारा, आणि त्याच क्षणी मागे पूर्ण पर पाण्याबाहेर. सेई व्हेलची हीच खूण सांगतात. सेई वर येताना फार तिरका येत नाही, म्हणून फवारा आणि पर जवळजवळ एकाच वेळी दिसतात. फिन व्हेलचं वेगळं असतं. आधी फवारा, मग लांबच लांब पाठ सरकत राहते, आणि पर शेवटी उगवतो. तेव्हा मी ठामपणे 'सेई' लिहिलं आणि फोटो देवमाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कॅटलॉगच्या कार्यालयाकडे पाठवले.

८ महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: मोठा रॉर्कल, जात अनिश्चित. म्हणजे फिन, सेई ज्यात येतात त्या गटातला कुठलातरी. का अनिश्चित, काय कमी पडलं, कोणती फ्रेम हवी होती, काही नाही. मी विचारलं तर तोच कोरा फॉर्म परत पाठवला, 'कृपया संपूर्ण माहिती भरावी' असा शेरा मारून. अहो, भरायचं काय तेच तर विचारतेय! त्यांचा निर्णय बरोबर होता हे मला आज कळतं, राग आहे तो न सांगण्याचा. दोन वाक्यं लिहिली असती तर पुढच्या दोन फेऱ्यांत मी तीच चूक केली नसती.

चूक कळली ती दुसऱ्याच एकाच्या फोटोंमुळे. माझ्या शेजारी उभा असलेला एक जण तेच जनावर टिपत होता. त्याला काही पुसायची सवय नव्हती, आळस म्हणा. वर्षभराने त्याचे सगळे फोटो वेळेच्या क्रमाने लावून पाहिले, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

पहिली अशी की जनावरं दोन होती. माझ्या आवडत्या फ्रेममधला फवारा एकाचा होता आणि पर दुसऱ्याचा. लांब लेन्स अंतर चेपून टाकते, त्यामुळे पुढेमागे असलेले दोन देवमासे एकाच पाठीचे तुकडे वाटतात. त्याच्या पुढच्याच फ्रेममध्ये फवाऱ्याखाली डोकं आणि पाठ सरकताना दिसत होती, आणि पर मात्र तितका सरकलाच नव्हता. एकाच शरीराचे भाग असते तर दोन्ही सारखेच पुढे गेले असते. शिवाय तीन मिनिटांनंतरच्या फोटोत एक पर गुळगुळीत होता आणि दुसऱ्याच्या मागच्या कडेला बुडाशी खाच होती. ही खाच मी ठेवलेल्या ६ फोटोंपैकी दोघांत होती, चारांत नव्हती. मी एका देवमाशाचं वर्णन म्हणून दोघांची मोट बांधून पाठवली होती.

दुसरी गोष्ट जास्त लागली. त्याच्या एका हललेल्या, वाकड्या फ्रेममध्ये डोकं वरून दिसत होतं, आणि त्यावर तीन उभ्या कडा: मधली ठळक, दोन्ही बाजूंच्या जरा कमी. ही ब्रायडीज व्हेलची खूण. (उच्चार ब्रूडा-च्या जवळचा आहे, नॉर्वेच्या योहान ब्रूडेवरून. पण सगळे ब्रायडीजच म्हणतात, मीही.) सेई आणि फिन यांच्या डोक्यावर मध्ये एकच कड असते. माझ्याकडेही डोक्याच्या पाच-सात फ्रेम होत्या हे मला पक्कं आठवतं. 'नुसतं पाणी आणि काळं काहीतरी' म्हणून मीच त्या उडवल्या होत्या.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: या तीन जातींत पराच्या सुंदर फोटोची किंमत डोक्याच्या घाणेरड्या फोटोपेक्षा कमी आहे. फिनचा पर पाठीतून हळूहळू चढतो, सेईचा जास्त उभा असतो, ब्रायडीजचा कोयत्यासारखा वळलेला आणि पुष्कळदा मागे फाटलेला. हे सगळं खरं आहे, पण माणसांच्या नाकांइतकं ते जनावरागणिक बदलतं, आणि जनावर जरा तिरकं असलं तरी चढ वेगळा दिसतो. केवळ परावरून मी आता जात लिहीत नाही.

डोक्याच्या फोटोतही फसगत होते. डोक्यावरून पाणी ओघळताना उन्हात चमकणाऱ्या रेघा उमटतात आणि त्या हुबेहूब बाजूच्या कडांसारख्या दिसतात. त्यासाठी निदान दोन लागोपाठ फ्रेम हव्यात. पाण्याची रेघ पुढच्या फ्रेममध्ये जागा बदलते किंवा विरते, खरी कड जिथल्या तिथे राहते. शेजाऱ्याच्या तीन फ्रेममध्ये कडा जागच्या जागी होत्या, म्हणून एक जनावर ब्रायडीज म्हणून नक्की झालं. दुसरं, खाचवालं, आजही माझ्या वहीत 'सेई किंवा ब्रायडीज' असंच आहे. त्याचं डोकं कुणाकडेच नाही.

तुमच्या मित्राच्या 'फिन'बद्दल. फिन व्हेलचा उजवा खालचा जबडा पांढरा असतो आणि डावा काळपट, ही प्रसिद्ध खूण. तेव्हा जनावराची उजवी बाजू मिळाली आहे का ते पाहा, आणि फोटो कुठे आरशासारखा उलटा तर झाला नाही ना तेही. कुणीतरी 'छान दिसतं' म्हणून आडवा उलटवलेला फोटो मी पाहिला आहे, त्यात पांढरा जबडा डावीकडे गेला होता आणि लोक नव्या जातीवर चर्चा करत बसले होते. पण उष्ण पाण्यात असाल तर नुसत्या पांढऱ्या उजव्या जबड्यावरही थांबू नका, कारण ओमुरा व्हेलचाही तसाच असतो. ही जात २००३ मध्ये वेगळी म्हणून मांडली गेली. त्याआधी १९७० च्या दशकात मारलेले तिचे नमुने ब्रायडीज म्हणूनच धरले गेले होते. देवमासा कापून समोर पडलेला असताना तज्ज्ञ चुकले, तर ३०० मीटरवरून आपण चुकलो यात नवल नाही. ओमुरा बरीच लहान असते, साधारण १२ मीटरच्या आत, आणि फिन सहज १८ ते २० मीटरच्या पुढे जाते. पण पाण्यात लांबी मापायला शेजारी बोट नसेल तर हा आकडाही फारसा उपयोगी नाही.

फवाऱ्यावर फार विसंबू नका. फिनचा उंच खांबासारखा, हम्पबॅकचा बुटका आणि पसरट, राइट व्हेलचा समोरून किंवा मागून इंग्रजी V सारखा, हे वारा नसताना. वारा सुटला की खांबाचं झुडूप होतं, आणि कोरड्या किंवा उबदार हवेत फवारा मुळातच नीट दिसत नाही. ऊन मागून असलं तर तोच दुप्पट वाटतो. एकट्या फवाऱ्यावरून मी छातीठोकपणे एकच जात सांगेन, ती स्पर्म व्हेल. तिचं नाक डोक्याच्या अगदी टोकाला डाव्या बाजूला असतं, त्यामुळे फवारा पुढे आणि डावीकडे तिरका जातो. डावी बाजू जनावराची हं, तुमची नाही. ती तुमच्याकडे तोंड करून येत असेल तर फवारा तुमच्या उजवीकडे कललेला दिसेल. आणि वाराही त्याच दिशेला वाहत असेल तर तेवढ्यावरून काही लिहू नका.

शेपूट न उचलणं हीदेखील एक नोंद आहे, ती लिहाच. फिन, सेई, ब्रायडीज यांपैकी कुणीच सहसा शेपूट बाहेर काढत नाही. हम्पबॅक आणि स्पर्म खोल बुडी मारताना काढतात, पण हम्पबॅक उथळ बुड्यांत नाही काढत, त्यामुळे पाच बुड्यांत शेपूट दिसलं नाही म्हणून ती नाहीच असं म्हणता येत नाही. कधी शेपूट मिळालंच तर खालची बाजू मिळवा. हम्पबॅकची करवतीसारखी मागची कड आणि काळंपांढरं नक्षीकाम इतकं वेगळं असतं की जातच काय, एकेक जनावर ओळखता येतं.

तुमचे चारही फोटो मोठे करून पाहिले. दुसऱ्या आणि चौथ्यातला पर मला एकच वाटत नाही, चौथ्याच्या मागच्या कडेला काहीतरी तुटलेलं आहे. पाण्याचा थेंबही असू शकतो. तिसऱ्यात फवाऱ्याच्या बुडाशी डोक्याची काळी कड जेमतेम दिसते. तुम्ही सलग शटर दाबून ठेवलं असेल तर त्याच्या आधीच्या सेकंदाभरात डोकं जास्त बाहेर असणार. कार्डावरून परत आलं तर त्या सेकंदाच्या सगळ्या फ्रेम टाका, कितीही धूसर असल्या तरी. फाइलची नावं बदलू नका, उजेड वाढवू नका, कापू नका. फाइलमधली वेळ आणि क्रम तसाच राहू द्या. तोवर नोंदीत 'रॉर्कल, फिन किंवा सेई किंवा ब्रायडीज, बहुधा दोन जनावरं' असं लिहा. संख्येच्या रकान्यात १ लिहिला असेल तर तो आधी बदला.