डीआर ड्रिलच्या, म्हणजे आपत्तीत पर्यायी साइटवरून काम चालवण्याच्या सरावाच्या, रिपोर्टमध्ये सगळं 'पास' आहे, सेवा परत सुरू करायची मुदत म्हणजे आरटीओही पाळला म्हणतात. मग इंटर्नल ऑडिटमध्ये मी नेमकं काय तपासू?

घड्याळ कधी सुरू केलं आणि कधी थांबवलं, ते तपासा. आयटीने बनवलेला सारांश बाजूला ठेवा आणि कच्च्या नोंदी मागा: ब्रिज कॉलचे मिनिट्स, डेटाबेसचा अलर्ट लॉग, अ‍ॅप्लिकेशनचे लॉग आणि शाखेतून झालेल्या पहिल्या व्यवहाराची वेळ. त्यावरून वेळापत्रक स्वतः मांडा.

मी पाहिलेल्या एका एनबीएफसीचं उदाहरण देतो. कर्जाच्या सिस्टिमचा आरटीओ २ तास; आरपीओ, म्हणजे जास्तीत जास्त किती वेळाचा डेटा गेला तर चालेल ती मर्यादा, १५ मिनिटं. ड्रिल शनिवारी रात्री झालं आणि रिपोर्टमध्ये १ तास ३५ मिनिटं लिहिली होती. लॉग लावून पाहिले तर ९:४० ला मुख्य साइटवरचं अ‍ॅप्लिकेशन बंद केलं होतं, १०:१० ला स्विचओव्हरची कमांड दिली, ११:४५ ला डीआरवर लॉगिनचं पान उघडलं. रिपोर्टचं घड्याळ १०:१० ते ११:४५ एवढंच चाललं. पण शाखेतल्या माणसाला पहिली पावती फाडता आली १२:५० ला, कारण पेमेंट गेटवेकडे डीआर साइटचा आयपी व्हाइटलिस्ट केलेला नव्हता. म्हणजे सेवा बंद होती ३ तास १० मिनिटं. लॉगिनचं पान उघडलं म्हणजे काम सुरू झालं, असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका.

यावर आयटीचं ठरलेलं उत्तर येतं: 'आमचा आरटीओ आपत्ती जाहीर झाल्यापासून मोजतो.' पॉलिसीत तसं लिहिलेलं असेल आणि धंदा सांभाळणाऱ्या विभागाने बीआयएमध्ये, म्हणजे सेवा बंद पडल्याचा धंद्यावर होणारा परिणाम मांडणाऱ्या कागदात, तेच गृहीत धरून सही केली असेल, तर हे चालतं. पण मग जाहीर करायला किती वेळ घ्यायचा, तेही लिहिलेलं हवं. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचे व्यवहार ११:४० ला थांबले आणि ३:४५ ला पुन्हा सुरू झाले. दरम्यान ते डीआर साइटवर हलवले गेलेच नाहीत. त्यानंतर मार्चमध्ये सेबीने शेअर बाजारांसारख्या संस्थांना ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करण्याची आणि त्यापुढे ४५ मिनिटांत सेवा उभी करण्याची मर्यादा घातली. निर्णयाला लागणारा वेळ वेगळा धरला, हे त्यात महत्त्वाचं. तुमच्याकडे आपत्ती जाहीर करण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो रजेवर असला तर कोणाला, हे ड्रिलमध्ये कधी तपासलंय का, ते विचारा.

आता आरपीओ. त्या रिपोर्टमध्ये 'डेटा लॉस शून्य' होतं आणि ते खरंही होतं. पण त्यातून आरपीओबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ड्रिलमध्ये स्विचओव्हर करतात: मुख्य डेटाबेस व्यवस्थित थांबतो, उरलेला सगळा डेटा पलीकडे पोचतो, मग भूमिका बदलतात. खऱ्या संकटात मुख्य साइट अचानक जाते आणि फेलओव्हर करावा लागतो. तेव्हा जो डेटा पलीकडे पोचलेला नसतो, तो गेला. म्हणून कामाच्या दिवसातला लॅग बघा. ओरॅकल डेटा गार्ड असेल तर डीबीएला स्टँडबायवर हे चालवायला सांगा:

```sql
SELECT name, value, time_computed
FROM v$dataguard_stats
WHERE name IN ('transport lag', 'apply lag');
```

`transport lag` म्हणजे न पोचलेला डेटा. त्याची तुलना आरपीओशी करा. `apply lag` म्हणजे अजून न लागलेला डेटा. त्यातला जो पोचलाय तो जात नाही, पण लावायला वेळ लागतो, म्हणून त्याचा भार आरटीओवर पडतो. ही क्वेरी फक्त त्या क्षणाचं चित्र दाखवते. त्यामुळे मॉनिटरिंग टूलमधून निदान महिन्याभराचा इतिहास काढा आणि दिवसाअखेरची बॅच व ग्राहकांच्या बँक खात्यांतून ईएमआय वळते करणारा नॅच चालतो त्या वेळा आवर्जून पाहा. वरच्या प्रकरणात दिवसभर लॅग काही सेकंदांचा होता, पण ईएमआयच्या रात्री बॅच चालू असताना ४० मिनिटांवर गेला होता. कारण साधं होतं, दोन साइट्समधली लिंक बॅचच्या भाराला पुरत नव्हती.

तुमची संस्था रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२३ च्या आयटी गव्हर्नन्स निर्देशांखाली येत असेल, तर आणखी एक गोष्ट पाहा. महत्त्वाच्या सिस्टिम्सचं ड्रिल किमान सहामाही हवं आणि डीआरवरून बीओडी ते ईओडी असा किमान एक पूर्ण कामाचा दिवस चालवून दाखवायला हवा. शनिवारी रात्री जाऊन पहाटे परत येणं त्यात बसत नाही.

निरीक्षण लिहिताना 'ड्रिल अपुरं' असं मोघम लिहू नका. 'सेवा ९:४० ते १२:५० बंद, मान्य आरटीओ २ तास, रिपोर्टमध्ये १:३५' असं तीन आकड्यांत लिहा आणि लॉगच्या प्रती जोडा. गेटवेच्या व्हाइटलिस्टिंगला आणि लिंकच्या क्षमतेला वेगवेगळे जबाबदार अधिकारी व वेगवेगळ्या तारखा घ्या. व्हाइटलिस्टिंग झाल्याचा पुरावा म्हणून ईमेल घेऊ नका, पुढच्या ड्रिलमध्ये डीआरवरून गेटवेतून गेलेला व्यवहारच घ्या.