टबच्या आधी सोबतीचं बघा

नैसर्गिक बाळंतपणाचा विचार पहिलटकरीण कोमट पाण्याच्या टबपासून सुरू करते, पण आधी सोबतीण ठरवा. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 26 चाचण्या आणि 15 हजारांहून अधिक बायका होत्या. कळांमध्ये सतत कुणी सोबत असेल तर सिझेरियन कमी होतं आणि कळाही थोड्या लवकर आटोपतात. "सतत" हा शब्द महत्त्वाचा. अधूनमधून डोकावणारी सोबत वेगळी. सरकारी रुग्णालयांतही 2016 पासून सोबतिणीला केंद्राची मान्यता आहे. तरी सातव्या-आठव्या महिन्यातच विचारा: प्रसूती कक्षात कोण चालेल, शेवटपर्यंत का?

तिची कामं साधी: कळ आली की कमरेखाली माकडहाडाच्या वर तळहाताने दाब, मधे घोट-घोट पाणी, अर्ध्या तासाने स्थिती बदलणं.

पहिल्या टप्प्यात, म्हणजे गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत, चालणं, उभं राहणं, बसणं यांनी सरासरी तासाहून अधिक वेळ वाचतो. बाळ ढकलताना उकिडवं किंवा गुडघ्यांवर असाल तर छेद घ्यायची वेळ कमी येते, रक्तस्राव मात्र थोडा वाढू शकतो. एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, घेतलं असेल तर कुशीवर झोपणं बरं.

नेहमीची चूक: सुरुवातीलाच दमेपर्यंत चालणं. रात्री कळा सौम्य असतील तर झोपा.

टबच्या पाण्यात बसण्याचा पुरावा मुख्यतः पहिल्या टप्प्याचा आहे, त्यात एपिड्युरलची गरज थोडी घटते. पाणी साडेसदतीस अंशांच्या वर जाऊ देऊ नका. वाढलेला रक्तदाब, जुळी, पायाळू बाळ असेल किंवा गर्भजल गढूळ गेलं असेल तर टबचा हट्ट नको. घरच्या टबमध्ये एकटीने तर मुळीच नको. पाण्यात जन्मलेल्या बाळाला वर घेताना नाळ ताणून तुटू शकते.