फर्म की कंपनी यापेक्षा पगाराचं कलम आधी बघा

प्रश्न: "अमेरिकेत पार्टनरशिपला स्वतःचा टॅक्स नसतो, नफा थेट पार्टनरच्या रिटर्नमध्ये जातो असं वाचलं. मी आणि माझा भाऊ पुण्यात वर्कशॉप चालवतो. मग कंपनी करण्यापेक्षा पार्टनरशिपच ठेवावी का?"

अमेरिकेतलं तिथेच ठेवा. आपल्याकडे तसं फक्त प्रोप्रायटरचं आहे. त्याच्या धंद्याचा नफा हेच त्याचं उत्पन्न आणि त्यावर त्याच्याच स्लॅबने टॅक्स. भागीदारी फर्म मात्र १९९३-९४ या कर आकारणी वर्षापासून स्वतःचा टॅक्स स्वतः भरते. तोही सरसकट ३० टक्के, सेस धरून ३१.२, अगदी पहिल्या रुपयापासून. तिथे ना माणसाला मिळते ती १२ लाखांपर्यंतची सूट, ना स्लॅब. एकदा फर्मने टॅक्स भरला की उरलेला नफा पार्टनरने घरी नेला तरी त्यावर पुन्हा काही लागत नाही.

तुम्ही वाचलेली गोष्ट फर्ममध्ये मुख्यतः एकाच जागी शिल्लक आहे, ती म्हणजे काम करणाऱ्या पार्टनरचा पगार. तो फर्मच्या नफ्यातून वजा होतो आणि पार्टनरच्या स्लॅबमध्ये जातो. आमचं घर याच एका गोष्टीवरून सहा वर्षं भांडतंय, म्हणून लिहायला बसलो.

मी आणि दादा भोसरी एमआयडीसीत मशीनिंगचं जॉबवर्क करतो. २०१६-१७ ला फर्मला २२ लाख नफा झाला. दोघांनी सहा-सहा लाख पगार घेतला आणि आपापल्या रिटर्नमध्ये दाखवला. फर्मला जेवढा पगार वजा करता येतो त्या मर्यादेच्या आतच होता. त्या वर्षीची फाइल तपासणीला निघाली आणि पहिल्याच यादीत पार्टनरशिप डीडची, म्हणजे भागीदारीच्या कराराची प्रत मागितली. आमचं डीड दुसऱ्या कुठल्या तरी फर्मच्या डीडवरून उतरवलेलं होतं. त्यात लिहिलं होतं, "भागीदारांना परस्पर संमतीने वेळोवेळी ठरेल ते वेतन देण्यात येईल." बस, एवढंच. रक्कम नाही, ती कशी काढायची तेही नाही.

१९९६ च्या मार्च महिन्यातलं सीबीडीटीचं, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं, ७३९ क्रमांकाचं परिपत्रक आहे. डीडमध्ये पगाराचा आकडा किंवा तो काढायची पद्धत लिहिलेली नसेल, तर पगार वजा मिळत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ऑर्डर आली, बाराच्या बारा लाख नामंजूर. त्यावर तेव्हाच्या ३०.९ टक्क्यांनी ३ लाख ७० हजार ८००, वर महिना एक टक्क्याने तेहतीस महिन्यांचं व्याज. पाच लाखांना थोडेच कमी. पगार फर्मच्या हातात नामंजूर झाला की पार्टनरने त्यावर भरलेला टॅक्स परत मागता येतो, तो आम्ही अर्ज करून मागितला. पण ती रक्कम पाच लाखांपुढे फारच लहान होती.

त्या संध्याकाळी दादा म्हणाला, "कंपनी केली असती तर हे झालंच नसतं. तिथे बावीस टक्केच." तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला तेच. माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे की चूक फर्मची नव्हती, त्या ओळीची होती.

तुमच्यासाठी २०२५-२६ चे दर धरून हिशोब मांडतो. दोन भाऊ, ४० लाख नफा, दुसरं उत्पन्न नाही, दोघेही नव्या करप्रणालीत.

आमच्यासारखं डीड असेल तर अख्ख्या ४० लाखांवर ३१.२ टक्के, म्हणजे १२ लाख ४८ हजार. डीडमध्ये "प्रत्येकी दरमहा एक लाख" असं स्वच्छ लिहिलेलं असेल, तर २४ लाख वजा होतात. मर्यादाही पाळली जाते, कारण पहिल्या सहा लाख नफ्याच्या ९० टक्के आणि उरलेल्याच्या ६० टक्के धरले तर ४० लाखांवर २५ लाख ८० हजारांपर्यंत पगार चालतो. फर्म १६ लाखांवर ४ लाख ९९ हजार भरते आणि भाऊ बारा-बारा लाखांवर शून्य. एका ओळीचा फरक साडेसात लाख.

आता दादाची कंपनी. बावीस टक्के म्हणजे सरचार्ज आणि सेस धरून २५.१७. पगार न घेता ४० लाखांवर १० लाख ७ हजार भरले, उरलेले डिव्हिडंड म्हणून घरी आणले, तर २०२० पासून डिव्हिडंड भागधारकाच्या स्लॅबमध्ये येतो. दोघांचे मिळून आणखी २ लाख १७ हजार. एकूण १२ लाख २४ हजार, म्हणजे आमच्या त्या खराब डीडइतकंच. घरी पैसे नेणाऱ्याने बावीस टक्क्यांवर जाऊ नये.

पण त्याच कंपनीत दोघांनी वीस-वीस लाख पगार घेतला, तर कंपनीचा नफा शून्य. प्रत्येकाला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, जी पार्टनरला मिळत नाही. दोघांचा मिळून टॅक्स ३ लाख ८५ हजार. प्रायव्हेट कंपनीत पगारावर फर्मसारखी टक्केवारीची मर्यादा नाही, फक्त तो कामाच्या मानाने अवास्तव नसावा. म्हणजे दादा कंपनी म्हणत होता ते आजच्या स्लॅबमध्ये बरोबर ठरतं, त्याने दिलेलं कारण मात्र चूक होतं.

तरीही आम्ही फर्म ठेवली आहे. गेल्या वर्षी वहिनीच्या ऑपरेशनला दादाने कॅपिटल खात्यातून चार लाख उचलले, एक चेक आणि एक नोंद. कंपनीत असे पैसे उचलले तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत तो डिव्हिडंडच धरतात आणि टॅक्स लावतात. शिवाय कंपनीला उलाढाल कितीही असो, ऑडिट आणि दरवर्षीचे फॉर्म चुकत नाहीत. वर्षाला सव्वा लाखाच्या आतल्या फरकासाठी मला तो व्याप नको.

तीन गोष्टी राहिल्या. पार्टनरचं कॅपिटल मोठं असेल तर १२ टक्क्यांपर्यंत व्याजही वजा मिळतं, तेही डीडमध्ये असेल तरच, आणि मग वरचे आकडे बदलतात. एप्रिल २०२५ पासून पार्टनरला वर्षात २० हजारांपेक्षा जास्त पगार किंवा व्याज दिलं तर फर्मला १० टक्के टीडीएस कापावा लागतो. डीड आज सुधारलं तर ते पुढच्यासाठी, गेलेल्या वर्षांना लागू होत नाही.

आणि नफा घरी न्यायचाच नसेल तर माझं सगळं उलट. दादा दुसरं व्हीएमसी मशीन कर्जावर घ्यायचं म्हणतोय. कर्जाचं मुद्दल टॅक्स भरून उरलेल्या पैशातूनच फेडायचं असतं. शंभर रुपयांतले फर्मकडे ६८ रुपये ८० पैसे उरतात, कंपनीकडे ७४ रुपये ८३ पैसे. मशीनची ती ऑर्डर पक्की झाली तर फर्मची कंपनी करायचा कागद मीच दादापुढे ठेवणार आहे. सगळे पार्टनर कॅपिटलच्या प्रमाणात भागधारक झाले आणि पाच वर्षं निम्मे तरी मताधिकार त्यांच्याकडेच राहिले, तर त्या बदलावर भांडवली नफ्याचा टॅक्स लागत नाही. त्या पाच वर्षांत दोघांपैकी कुणाला बाहेर पडायचं नाही ना, हे मात्र आधी समोरासमोर बसून विचारून घ्या.