इंटर्नशिपची हजेरी कमी पडली, आता पत्रक ‘भरून’ घेऊ का?

“ताई, मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेतल्या इंटर्नशिपला नव्वद टक्के हजेरी लागते आणि घरच्या आजारपणामुळे माझे बरेच दिवस बुडाले. शाळेतले सर चांगले आहेत, सही करतील. पत्रकाचा नमुना पाठवते, तारखा नीट बसवून द्याल का? वर्ष वाया गेलं तर घरचे पुन्हा शिकू देणार नाहीत.”

पत्रक मी करून देणार नाही. तुमची धास्ती मात्र खरी आहे. ‘पुन्हा शिकू देणार नाहीत’ या वाक्यामागे काय असतं, हे मला माहीत आहे. लग्नानंतर बी.एड. करणाऱ्या कितीतरी जणी हेच सांगत माझ्यासमोर बसल्या आहेत. त्यांतल्या एकीची हकीकत, तिची संमती घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे सांगते.

त्यांची इंटर्नशिप तालुक्याच्या एका माध्यमिक शाळेत होती. एनसीटीईच्या २०१४च्या निकषांनुसार दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत काढायचे असतात. त्यांच्या महाविद्यालयाने ते ९६ दिवस धरले होते. ९० टक्के म्हणजे ८६.४, म्हणून ८७ दिवस हवेत. ऑगस्टमध्ये सासरे पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरात रुग्णाचं करणारं दुसरं कोणी नव्हतं. हजेरीपत्रकावर त्यांचे ७५ दिवस भरत होते.

त्या आल्या तेव्हा नवं पत्रक तयार होतं. मुख्याध्यापकांची सही तेवढी राहिली होती. मी त्यांना शेजारी बसवलं आणि पत्रकातल्या तारखा त्यांच्याच पाठ टाचणांशी ताडून पाहायला सांगितलं. दोन तारखा अशा निघाल्या, की त्या दिवशी अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुटी दिली होती. कॅलेंडर पाहून रकाने भरणाऱ्याला ही सुटी दिसत नाही. एका तारखेला महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी पाठ निरीक्षणासाठी शाळेला भेट दिली होती आणि आपल्या वहीत ‘अनुपस्थित’ असा शेरा मारला होता.

पत्रक एकटं नसतं, हे अशा वेळी विसरायला होतं. त्याच्याभोवती टाचणं असतात, मार्गदर्शक शिक्षकांच्या नोंदी असतात, दैनंदिनी असते आणि त्याच शाळेत असलेल्या इतर छात्राध्यापकांची पत्रकंही असतात. एक खोटी तारीख बसवायची तर या साऱ्यांत खोटं लिहावं लागतं आणि इतर चार माणसांना त्यात ओढावं लागतं. सही मुख्याध्यापकांची असते, म्हणजे नोकरी त्यांची पणाला लागते. शिवाय उघडकीला आलं, की ‘हजेरी कमी’ हा भरून काढता येणारा प्रश्न राहत नाही, तो गैरप्रकार होतो. २०१९च्या टीईटीतल्या गैरप्रकाराची चौकशी होऊन २०२२मध्ये ७ हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले, त्यांतले काही तोवर नोकरीला लागलेले होते. कागद तपासायची वेळ अनेकदा वर्षांनी येते.

मग आम्ही खरे दिवस मोजले. हे काम प्रत्येकीने आधी करावं असं मला मनापासून वाटतं, कारण दिवस बुडाला आणि दिवसाची नोंद बुडाली यांत फरक आहे. त्यांना आठवलं, की दोन दिवस त्या मुलांना घेऊन दुसऱ्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाला गेल्या होत्या आणि एक दिवस क्रीडास्पर्धांना. त्या तिन्ही दिवशी सही राहिली होती. प्रदर्शनाला पाठवलेल्या शिक्षकांच्या यादीत त्यांचं नाव सापडलं, आणि मुख्याध्यापकांनी आजच्या तारखेने पत्र दिलं : अमुक दोन दिवशी या शाळेच्या कामावर होत्या, पत्रकावर नोंद राहिली. जुन्या रकान्यात खाडाखोड केली नाही. क्रीडास्पर्धांच्या दिवसाचा कुठलाच कागद नव्हता, म्हणून तो सोडून दिला. झाले ७७. कमी पडले १०.

डॉक्टरांचा दाखला जोडला की टक्केवारी आपोआप माफ होते, असा समज सर्रास आहे. एनसीटीईच्या निकषांत अभ्यासक्रम व प्रात्यक्षिकांना ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के एवढंच आहे, आजारपणासाठी कमी आकडा दिलेला नाही. तुमच्या विद्यापीठाच्या अध्यादेशात प्राचार्यांना काही अधिकार दिले आहेत का, ते जरूर वाचा. पण दाखल्याचा खरा उपयोग गैरहजेरीचं कारण सिद्ध करायला होतो. दिवस भरून काढू द्या, हे मागताना तो लागतो.

त्यांनी तेच मागितलं. अर्ज इंटर्नशिप समन्वयकांमार्फत प्राचार्यांना होता, जेमतेम पानभर. त्यातला मुख्य भाग असा :

“९६पैकी ७७ दिवस उपस्थित. ८७ आवश्यक. सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे गैरहजर. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड सोबत. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा सुरू होताच सलग १० कामकाजाचे दिवस त्याच शाळेत पूर्ण करण्याची परवानगी मिळावी. मुख्याध्यापकांचं संमतिपत्र सोबत. या दिवसांत राहिलेले पाठही घेईन.”

‘सहानुभूतीने विचार व्हावा’ एवढंच लिहिलेले अर्ज मी खूप पाहिले आहेत. त्यावर प्राचार्यांना नेमकं काय मंजूर करायचं तेच कळत नाही. इथे तारखा, शाळा आणि काम ठरलेलं होतं, निर्णय फक्त हो किंवा नाही एवढाच. तरी प्राचार्य लगेच तयार झाले नाहीत. इतर विद्यार्थीही हेच मागतील, असं त्यांचं म्हणणं होतं. समन्वयकांनी अंतर्गत गुण विद्यापीठाकडे जायला अजून वेळ असल्याचं दाखवून दिलं आणि त्या दहा दिवसांत एक निरीक्षण भेट देण्याची तयारी दर्शवली, तेव्हा लेखी परवानगी निघाली. घरी नणंद येऊन राहिली. हे जमवणं त्यांना अर्ज लिहिण्याहून कितीतरी जड गेलं होतं. नवऱ्याशी आणि नणंदेशी ते कसं बोलायचं यावरच आमची अधिक बैठक झाली.

तुम्ही आजच दोन गोष्टी पाहा : तुमचे नेमके किती दिवस कमी आहेत, आणि अंतर्गत गुण पाठवण्याची तारीख कोणती. दहा-बारा दिवस असतील तर वरची वाट बहुधा जमते. तीस-पस्तीस असतील तर या सत्रात बसणार नाहीत, हे घरच्यांना आताच सांगावं लागेल. तेव्हा विचारायचं ते इंटर्नशिप पुढच्या वर्षी पूर्ण करण्याबद्दल. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम प्रवेशापासून तीन वर्षांत पूर्ण करण्याची मुभा त्याच निकषांत आहे, त्यामुळे ‘वर्ष गेलं म्हणजे बी.एड. गेलं’ असं नाही. घरी हे बोलणं अवघड वाटत असेल तर नवऱ्याला किंवा सासूबाईंना घेऊन माझ्याकडे या, मी समोर बसेन.

अर्ज नाकारला तर नकार लेखी मागा. मोजणीतच चूक असेल किंवा उत्तरच मिळत नसेल, तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तिचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. मात्र ती समिती न आलेले दिवस आल्याचं ठरवून देणार नाही, म्हणून परवानगीचा अर्ज आधी आणि तक्रार नंतर. तो अर्ज लिहायला बसू तेव्हा टाचणांची वही आणि दवाखान्याचे कागद सोबत आणा.