मोबाइलवरचं प्रिस्क्रिप्शन, त्यावरची सही आणि रिपीट

प्रश्न: ग्राहक टेलिकन्सल्टेशनचं प्रिस्क्रिप्शन मोबाइलवर दाखवतो. त्यावरची सही चालते का आणि त्यावर औषध पुन्हा पुन्हा द्यायचं का?

२०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर सही केलेल्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन पाठवू शकतात. त्यामुळे हाताने केलेल्या सहीचा स्पष्ट फोटो चालतो. नुसता औषधांच्या नावांचा मेसेज किंवा सहीच्या जागी टाइप केलेलं नाव मात्र चालत नाही.

डिजिटल सही असेल तर स्क्रीनशॉट घेऊ नका, मूळ पीडीएफ मागवा. स्क्रीनशॉटमध्ये किंवा प्रिंटमध्ये सहीचं फक्त चित्र उरतं, ती तपासता येत नाही. पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडून सहीवर क्लिक करा. सहीनंतर फाइल बदलली असं दिसलं तर औषध देऊ नका. प्रश्नचिन्ह आलं म्हणजे लगेच खोटं समजू नका. बहुतेकदा तुमच्या कॉम्प्युटरला त्या डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची ओळख नसते, एवढंच. अशा वेळी प्रमाणपत्रावरचं नाव डॉक्टरांच्या नावाशी जुळतं का ते पाहा. नोंदणी क्रमांक मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधा आणि क्लिनिकला फोन करा. फोन नंबर मात्र ग्राहकाने दिलेला नको, स्वतः शोधलेला हवा.

मिथाइलफेनिडेटसारखं शेड्यूल एक्समधलं औषध लिहिलं असेल, तर सही कितीही खरी असली तरी टेलिकन्सल्टेशनवर ते देता येत नाही.

आता रिपीट. औषध नियमांतला नियम ६५ सांगतो की डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर प्रिस्क्रिप्शनवर औषध एकदाच द्यायचं. ‘सहा महिने चालतं’ असं ग्राहक म्हणतात, पण त्या नियमात असा आकडा नाही. समजा, मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ, सकाळ-संध्याकाळ, ३० दिवस, ‘दर ३० दिवसांनी, एकूण ३ वेळा द्यावे’ असं लिहिलंय. म्हणजे एका खेपेला ६० गोळ्या, एकूण १८०. ग्राहक बाराव्या दिवशी परत आला तर पुढची खेप द्यायची नाही. पहिल्या वेळी त्याने २०च गोळ्या नेल्या असतील, तर उरलेल्या ४० त्याच खेपेतल्या धरायच्या. नुसतं ‘रिपीट २’ लिहिलं असेल तर एकूण दोनदा की तीनदा, हे डॉक्टरांनाच विचारा.

प्रत्येक वेळी प्रिंट काढून डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाका. नियमच तसा आहे. शेजारी दिलेली संख्या लिहा आणि एक प्रत दुकानात ठेवा. खरी अडचण इथेच येते: शिक्का प्रिंटवर बसतो, ग्राहकाच्या मोबाइलमधली फाइल कोरीच राहते. ती दुसऱ्या दुकानात दाखवली तर तिथल्या फार्मासिस्टला काहीच कळणार नाही. म्हणून मोबाइलवरची कोरी फाइल पहिलीच खेप आहे असं धरू नका. प्रिस्क्रिप्शनची तारीख जुनी असेल तर शिक्क्याची प्रिंट किंवा आधीचं बिल मागा. दोन्ही नसेल तर डॉक्टरांकडून नवीन प्रिस्क्रिप्शन आणायला सांगा.